रसायनशास्त्र प्रात्यक्षिकाचे गुण पुन्हा तपासण्याबाबत

दादर, मुंबई

आदरणीय मॅडम,
सा. न.

सराव प्रात्यक्षिक परीक्षेत मला ३० पैकी १९ गुण मिळाले. ऑक्झॅलिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेटच्या टायट्रेशनमध्ये आकडेमोडीला शून्य आहे. १० मिली ०.०५ मोलर आम्लासाठी माझी तिन्ही वाचने ९.८ मिली आली होती. त्यावरून काढलेली ०.०२०४ मोलॅरिटी मी पानामागे लिहिली, पुढे जागा उरली नव्हती. 'मागे पाहा' लिहायचे राहिले, ही चूक माझीच. एवढ्या उत्तरपत्रिकांत ते पान नजरेतून सुटले असावे.

कृपया ते पान एकदा पाहावे. आकडेमोड चुकली असेल तर तेही समजून घ्यायचे आहे. मधल्या सुट्टीत प्रयोगवही घेऊन येऊ का?

आपली विद्यार्थिनी,
सायली
बारावी विज्ञान 'ब', हजेरी क्रमांक २७