अंधाराची हजेरी

निनादला दिवसा कशाचीही भीती वाटत नसे. कुंपणाच्या भिंतीवरून उडी मारणे, गुरगुरणाऱ्या कुत्र्याशी दोस्ती करणे, वर्गासमोर उभे राहून मोठ्याने कविता म्हणणे, हे सारे तो हसत हसत करीत असे. पण रात्री आईने खोलीतला दिवा मालवला, की तोच निनाद पाय पोटाशी घेऊन इतका लहान होऊन जाई, की पलंगावर कोणी झोपले आहे की नुसतीच चादर गोळा होऊन पडली आहे, हे सांगणे कठीण व्हावे.

तो आठ वर्षांचा होता आणि त्याला नुकतीच स्वतःची वेगळी खोली मिळाली होती. दिवसभर त्याला तिचा फार अभिमान वाटे. रात्री मात्र ती खोली त्याची राहत नसे. खुर्चीच्या जागी कोणीतरी पाठमोरे बसलेले असे, दाराला अडकवलेला सदरा हात लोंबकळत उभा असे आणि कपाटाच्या बाजूने मधूनच "टक्" असा आवाज येई. त्या आवाजाची त्याला सर्वांत जास्त धास्ती होती.

घरच्यांनी आपापल्या परीने उपाय केले. बाबांनी गुडघे टेकून पलंगाखाली पाहिले आणि सांगितले, "बघ, इथं काहीसुद्धा नाही." पण दिवा लावल्यावर तिथे काही नसते, हे निनादलाही ठाऊक होते. दिवा मालवल्यावर तिथे काय असते, एवढाच त्याचा प्रश्न होता, आणि तो प्रश्न दिवा लावून सुटणारा नव्हता. ताईने आपला टॉर्च त्याला देऊन टाकला. त्याने तो उशीखाली ठेवला आणि आवाज आला की लगेच लावू लागला. टॉर्चच्या गोल उजेडात खुर्ची ही खुर्चीच असे आणि सदरा हा सदराच. पण बटण बंद केले, की अंधार आधीपेक्षा अधिक दाट होऊन अंगावर येई. मग पुन्हा टॉर्च, पुन्हा अंधार. असे करता करता एका रात्री त्याने अकरा वेळा टॉर्च लावला आणि सकाळी शाळेत बाकावर डोके टेकून तो झोपी गेला.

"टॉर्च बंद केल्यावर जास्त काळोख का होतो?" त्याने आईला विचारले.

आईने त्याला आरशासमोर नेले. तिने त्याच्या डोळ्यांवर हाताची सावली धरली आणि मग हात एकदम बाजूला केला. निनादने नीट पाहिले. डोळ्यातले मधले काळे वर्तुळ सावलीत मोठे झाले होते, आणि उजेड पडताच ते भराभर लहान झाले.

"ही बाहुली," आई म्हणाली. "अंधारात ती मोठी होते, म्हणजे असेल तेवढा उजेड आत येतो. ते लगेच होतं. पण डोळ्याच्या आत अंधारात पाहणाऱ्या बारीक पेशी असतात, त्यांना पूर्ण तयार व्हायला अर्धा तास लागू शकतो. तू टॉर्च लावलास, की त्यांची तयारी मोडते."

"म्हणजे त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते?"

"बरीचशी."

निनाद यावर काही बोलला नाही. पण त्या रात्री त्याने टॉर्च उशीखालून काढून टेबलाच्या खणात ठेवला. हे त्याने हसत हसत केले असे नाही. खण लावताना त्याचा हात थरथरत होता.

दिवा मालवला गेला. निनादने डोळे मिटून मनातल्या मनात शंभरपर्यंत आकडे म्हटले आणि मग डोळे उघडले. प्रथम खिडकी दिसली, करड्या रंगाच्या मोठ्या पाटीसारखी. मग टेबलाची कड आणि मग खुर्ची. पण एक चमत्कारिक गोष्ट होती. खुर्चीकडे रोखून पाहिले की ती पुसट होई आणि तिच्या थोडे बाजूला पाहिले की पुन्हा दिसू लागे. (खरोखरच असे होते. डोळ्याच्या अगदी मधोमध त्या अंधारात पाहणाऱ्या पेशी नसतात, त्या आजूबाजूला असतात. तुम्हीही एखाद्या रात्री करून पाहा.)

तेवढ्यात कपाट वाजले. "टक्."

निनादचा श्वास अडकला. टॉर्च खणात होता आणि खण दूर होता. पांघरूण डोक्यावर ओढण्यासाठी त्याने हात उचललाही; पण त्याच क्षणी त्याला शाळेतला पहिला दिवस आठवला. तो नव्या वर्गात गेला होता, तेव्हा समोरच्या त्या सगळ्या अनोळखी पाठी पाहून त्याच्या पोटात असाच गोळा आला होता. मग बाईंनी हजेरी घेतली. एकेक नाव पुकारले गेले, एकेक हात वर झाला, एकेक आवाज आला, आणि हजेरी संपेपर्यंत त्या अनोळखी पाठींची मुले झाली होती.

निनाद उठून बसला. त्याने पांघरूण खांद्यांभोवती लपेटून घेतले आणि बाईंसारख्या आवाजात, पण अगदी हळू म्हटले, "खिडकी."

खिडकीची फट वाऱ्याने बारीकशी शिटी वाजवीत होती. ती हजर होती.

"खुर्ची." त्याने थोडे बाजूला पाहिले. खुर्ची हजर होती. "सदरा." सदरा दाराशी मुकाट्याने उभा होता, त्याच्याही नावापुढे हजेरी लागली. "घड्याळ." टिक, टिक, टिक. घड्याळ तर वर्गातल्या एखाद्या उतावळ्या मुलासारखे थांबायलाच तयार नव्हते. "रातकिडे." बाहेरून सगळ्यांनी एकाच वेळी उत्तर दिले.

मग त्याने घसा साफ केला. "कपाट."

कपाट गप्प राहिले. निनादने वाट पाहिली. बऱ्याच वेळाने, त्याने आशा सोडल्यावर, ते म्हणाले, "टक्."

"उशिरा आलास," निनाद म्हणाला आणि त्याला स्वतःलाच नवल वाटले, कारण त्याच्या आवाजात भीती नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाबांनी कपाटाचे कोडे उलगडून सांगितले. दिवसा उन्हाने लाकूड तापून किंचित फुगते आणि रात्री गार होताना आकसते. तेव्हा त्याचे सांधे असे वाजतात. निनादने ते लक्षपूर्वक ऐकले आणि हजेरीच्या यादीत कपाटाचे नाव सर्वांत शेवटी टाकले, म्हणजे त्याला गार व्हायला वेळ मिळेल.

त्यानंतरही काही रात्री त्याला भीती वाटली. एकदा बाहेर कसलासा चीत्कार झाला, तेव्हा तो धावत ताईच्या खोलीत गेला. पण तिथे दोघांनी मिळून ऐकले आणि घुबडाचे नाव यादीत वाढले. यादी हळूहळू लांबत चालली. मांजर तिच्यात आले, ठिबकणारा नळ आला, शेजारच्या खोलीतले पंख्याचे करकरणे आले.

एका रात्री पाणी पिण्यासाठी उठलेले बाबा निनादच्या दारावरून जात होते. आतून कुजबुज ऐकू आली, म्हणून ते थांबले.

"खुर्ची... सदरा... घड्याळ... रातकिडे..." आवाज झोपेने जड झाला होता. "आई." पलीकडच्या खोलीतून आईचा संथ श्वास ऐकू येत होता. "ताई." ताई झोपेत कूस बदलत होती. "बाबा."

आत शांतता पसरली. निनाद कान देऊन वाट पाहत असावा.

"हजर," बाबा दाराबाहेरून हळूच म्हणाले.

पांघरूण सळसळले. बाबा पुढच्या नावासाठी थांबून राहिले. बऱ्याच वेळाने कपाट आपण होऊन "टक्" म्हणाले, पण हजेरी घेणारा तोवर झोपी गेला होता.