अंतर्गत स्वच्छता तपासणी: गुण आणि शेरे

तपासणी: मालक, सोमवार, रात्री ८ ते १०, ऐन गर्दीच्या वेळी, पूर्वसूचना न देता. सरकारी तपासणी शुक्रवारी.
गुणपद्धत: ★ बाबींना ४ गुण, बाकीच्यांना २. ★ बाबीत शून्य मिळाले तर एकूण गुण कितीही असोत, स्वयंपाकघर नापास.
थर्मामीटर आधी बर्फाच्या पाण्यात तपासला: ० अंश, बरोबर.

साठवण: ७/१२
★ चिलर ५ अंश किंवा खाली: ०. आतल्या अन्नाचे तापमान ८ अंश. दाराचे रबर खालच्या कोपऱ्यात फाटले आहे.
फ्रीझर उणे १८: २.
★ कच्चे मांस सर्वात खाली, तयार अन्न वर: ४.
डब्यांवर तारीख: १. सॉसच्या डब्यांवर नाही.

शिजवणे, थंड करणे: १०/१२
★ गाभ्यात ७५ अंश: ४.
★ गरम ठेवलेले अन्न ६० च्या वर: ४. सर्व भांडी ६६ च्या पुढे.
★ थंड करणे: २. ६० वरून २१ अंशांवर दोन तासांत आणि तिथून ५ वर पुढच्या चार तासांत यायला हवे. रस्सा खोल पातेल्यात तसाच ठेवला होता. उथळ ट्रेमध्ये काढा. काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, कोमट अन्नात ते पुन्हा वाढतात.

कर्मचारी: ४/६
★ हात धुणे: २. साबण, पाणी आहे. पण बेसिनमध्ये कढई भिजत होती. त्या बेसिनमध्ये हातांशिवाय काहीही धुवायचे नाही.
जखमा झाकलेल्या, आजारी कोणी कामावर नाही: २.

सफाई: ६/८
क्लोरीनचे द्रावण, पट्टीवर १०० पीपीएम: २. कीटकांच्या खुणा नाहीत: २. चॉपिंग बोर्ड: १, खोल चिरा पडलेले दोन टाकून द्या. गटाराची जाळी: १.

नोंदी: २/६
★ तापमान नोंदवही: ०. तीन आठवडे रोज तिन्ही वेळा ४ अंश, एकाच पेनाने, आजच्या रात्रीची नोंदही आधीच भरलेली. मला सर्वात जास्त काळजी याची वाटते. चिलर नेमका कधीपासून ८ अंशांवर आहे हे आता कोणालाच सांगता येणार नाही. म्हणून त्यातले सर्व तयार अन्न, दूध आणि कच्चे मांस आज रात्रीच फेकायचे. वास चांगला आहे, हे कारण चालणार नाही. खरा आकडा वाईट आला तरी लिहा. त्याबद्दल कोणालाही बोल लागणार नाही.
आरोग्य दाखले: २.

एकूण: २९/४४. निकाल: नापास.

दुरुस्ती
चिलरचे रबर उद्या दुपारपर्यंत. तोवर चिलर रिकामा. जबाबदारी मुख्य आचाऱ्याची.
नवी नोंदवही उद्या सकाळपासून. जुनी जपून ठेवा, तिच्यात खाडाखोड नको. शुक्रवारी मागितली तर आहे तशी दाखवू.
लेबल, बोर्ड, जाळी: बुधवारपर्यंत, स्टोअरकीपर.
★ बाबींची फेरतपासणी मी स्वतः बुधवारी रात्री करेन. चिलर सलग २४ तास ५ अंशांखाली राहिल्याची खरी नोंद दिसली, तरच त्यात माल भरायचा.