काळ आणि काम : फोटोतील प्रश्न 11 ते 15 यांची उकल

फोटोतील पाचपैकी पहिले चार प्रश्न एकाच युक्तीभोवती फिरतात. दिलेल्या दिवसांचा लसावि म्हणजे एकूण काम मानावे आणि त्यास प्रत्येकाच्या दिवसांनी भागून त्याचे रोजचे काम काढावे. अपूर्णांकांची बेरीज करण्यात जाणारा वेळ त्यामुळे वाचतो.

प्रश्न 11 : अ 12 दिवसांत आणि ब 18 दिवसांत काम करतो. लसावि 36, रोजचे काम अनुक्रमे 3 व 2, म्हणून दोघे मिळून 36 ÷ 5 = 7 पूर्णांक 1/5 दिवस.

प्रश्न 12 : तेच दोघे एकाआड एक दिवस काम करतात आणि सुरुवात अ करतो. दोन दिवसांत 5 एकक होतात, म्हणजे 14 दिवसांत 35. उरलेले 1 एकक करण्याची पाळी अ ची असून तो रोज 3 एकक करतो, म्हणून 1/3 दिवस लागेल व उत्तर 14 पूर्णांक 1/3 येईल. सुरुवात ब ने केली असती, तर उत्तर 14 पूर्णांक 1/2 आले असते आणि तोही आकडा पर्यायांत दिलेला आहे. तेव्हा पहिला दिवस कोणाचा, या शब्दांखाली आधी रेघ ओढावी.

प्रश्न 13 : अ ला 20 व ब ला 30 दिवस लागतात, काम संपण्याच्या 5 दिवस आधी अ काम सोडतो. एकूण काम 60, रोजचे 3 व 2. अ शेवटपर्यंत थांबला असता, तर त्याने आणखी 15 एकक केले असते, असे धरून 75 ÷ 5 = 15 दिवस. पडताळा : अ चे 10 दिवसांचे 30, ब चे 15 दिवसांचे 30.

प्रश्न 14 : दोन नळ हौद 10 व 15 तासांत भरतात आणि तिसरा तो रिकामा करतो, त्याचा आकडा सावलीमुळे 12 की 72, हे नीट दिसत नाही. पर्याय 8, 10, 12, 15 असे आहेत. 72 धरल्यास लसावि 360 व ताशी काम 36 + 24 − 5 = 55 येते, आणि 360 ÷ 55 हे कोणत्याच पर्यायाशी जुळत नाही. 12 धरल्यास लसावि 60, ताशी काम 6 + 4 − 5 = 5 आणि उत्तर 12 तास. छपाईतील आकडा 12 च असला पाहिजे.

प्रश्न 15 : 12 मजूर रोज 8 तास काम करून 15 दिवसांत एक भिंत बांधतात, तर तशा दोन भिंती 16 मजूर रोज 9 तास काम करून किती दिवसांत बांधतील? येथे लसाविची गरज नाही. मजूर, तास व दिवस यांचा गुणाकार म्हणजे काम. (12 × 8 × 15 × 2) ÷ (16 × 9) = 20 दिवस. ‘दोन भिंती’ वाचायचे राहिले, तर उत्तर 10 येते, आणि पहिलाच पर्याय 10 आहे.