ऑफर ॲक्सेप्ट करतोय, दोन गोष्टी विचारायच्या होत्या

नमस्कार मॅडम, मी स्वप्नील, कळव्याहून. ऐरोली ऑफिसला ग्रॅज्युएट इंजिनीअर ट्रेनीच्या इंटरव्ह्यूला आलो होतो, मेकॅनिकलवाला. ऑफर लेटर काल संध्याकाळी मिळालं, घरी सगळ्यांनी वाचलं, बाबांनी तर रिक्षा लावून आल्या आल्या चष्मा पुसून दोनदा वाचलं. मला ऑफर मान्य आहे, सही केलेली कॉपी आज मेल केलीये. खूप खूप थँक्यू मॅडम, मला डिझाइनमध्येच काम करायचं होतं आणि तेच मिळालं.

फक्त दोन गोष्टी क्लिअर करायच्या होत्या. पहिली व्हेरिएबलची. सीटीसी ६,४०,००० आहे त्यात फिक्स्ड ५,६०,००० आणि व्हेरिएबल ८०,००० लिहिलंय, पण ते कशावर ठरतं, माझ्या रेटिंगवर की कंपनीच्या रिझल्टवर की दोन्हीवर, ते लेटरमध्ये कुठे दिसलं नाही. आणि पहिल्या वर्षी ते किती महिन्यांचं धरणार? म्हणजे जुलै ते मार्च पूर्ण नऊ महिने धरले तर ६०,००० होतात आणि प्रोबेशनचे सहा महिने वगळले तर २०,०००च, हा फरक आमच्या घरात मोठा आहे कारण एज्युकेशन लोनचा हप्ता आता सुरू होणार आहे, म्हणून आधीच विचारतोय. पेआउट वर्षातून एकदाच असतो की दर तीन महिन्यांनी तेपण सांगा. आणि हो, फिक्स्डच्या ५,६०,००० मध्ये कंपनीचा पीएफ आणि ग्रॅच्युइटी धरलीये का? तसं असेल तर महिन्याला हातात साधारण किती येतील तेवढं कळलं तर बरं होईल.

दुसरं जॉइनिंगचं. लेटरमध्ये १ जुलै आहे. २ जुलैला बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय, ही तारीख मिळायलाच दीड महिना लागला. नंतरचे काही दिवस दर दोन तासांनी डोळ्यात ड्रॉप घालायचेत, आई सकाळी सात ते दुपारी तीन कामावर असते आणि घरी दुसरं कोणी नाही. त्यामुळे १४ जुलै, सोमवारी जॉइन झालो तर चालेल का? शेवटच्या सेमचा रिझल्टपण अजून लागलेला नाहीये, जॉइनिंगच्या दिवशी प्रोव्हिजनल सर्टिफिकेट लागेलच का की आधीच्या सात सेमच्या मार्कशीटवर घेता आणि ते नंतर दिलं तर चालतं?

१४ला जमणार नसेल तर ७ तारखेलापण येईन, मावशीला दिव्याहून बोलवून घेईन, पण आधी विचारून बघतोय. काही झालं तरी ऑफर माझ्याकडून पक्की आहे, बाकीचे इंटरव्ह्यू मी कॅन्सल केलेत.

व्हेरिएबलचं आणि तारखेचं उत्तर मेलवर दिलंत तर बरं पडेल, लेटरसोबत ठेवता येईल. फोन करायचा असेल तर दुपारी तीननंतर कधीही करा मॅडम, मी घरीच आहे.