महेशदादांच्या घरच्यांशी: मेंदूमृत्यू आणि अवयवदानाचा फॉर्म

(पुण्यातल्या एका रुग्णालयात, आयसीयूशेजारच्या खोलीत. प्रत्यारोपण समन्वयक, अपघातात गेलेल्या महेश यांचे वडील, पत्नी सुजाता आणि धाकटा भाऊ सागर यांच्याशी बोलत आहे.)

काका, ताई, सागर, बसा. आपल्याला घाई नाही. डॉक्टरांनी पहाटे जे सांगितलं, तेच मी पुन्हा सावकाश सांगते. कळलं नाही तर मधेच थांबवा.

महेशदादा गेले आहेत. पहाटे 4 वाजून 10 मिनिटांनी, दुसरी तपासणी पूर्ण झाली तेव्हा. कागदावर मृत्यूची वेळ तीच लागेल.

काका, तुम्ही म्हणालात, "छाती हलतेय, अंग गरम आहे, मग गेला कसा म्हणता?" हे सगळेच विचारतात, आणि विचारायलाच हवं. छाती हलतेय ती व्हेंटिलेटरमुळे. मशीन हवा आत ढकलतंय. हृदयाला ठोके द्यायला मेंदू लागत नाही, प्राणवायू मिळतोय तोवर ते आपलं आपण चालतं. म्हणून नाडी लागते आणि अंग गरम राहतं. अपघातात मेंदूला सूज आली. कवटी बंद असते, सूज जाणार कुठे? दाब इतका वाढला की मेंदूला रक्त जाणंच थांबलं. श्वास घ्यायला लावणारा मेंदूचा भाग त्यात गेला. तो परत येत नाही.

ताई, कोमा वेगळा. कोमात मेंदू जिवंत असतो, म्हणून काही माणसं शुद्धीवर येतात. मेंदूमृत्यूनंतर कुणी उठलेलं नाही. तुम्हाला खोटी आशा लावली तर तो तुमच्यावर अन्याय होईल. पायाची हालचाल तुम्ही पाहिलीत, ती मणक्यातल्या नसांमुळे होते. त्यांना काही दुखत नाहीये.

तपासणी चार डॉक्टरांनी केली, दोनदा, मधे सहा तासांहून जास्त वेळ ठेवून. डोळ्यांवर उजेड टाकला, बुबुळाला कापसाचं टोक लावलं, कानात बर्फाचं पाणी सोडलं. शेवटी प्राणवायू चालू ठेवून मशीन बाजूला केलं आणि स्वतःहून एक तरी श्वास येतो का, ते पाहिलं. आला नाही. प्रत्यारोपण करणारे डॉक्टर या चौघांत नसतात, कायद्यातच ते आहे. तुम्हाला रिपोर्ट बघायचे असतील, मेंदूच्या डॉक्टरांना पुन्हा विचारायचं असेल, तर मी त्यांना बोलावते.

आता आत जाऊन त्यांच्याजवळ बसा. हात धरा, बोला. मी इथेच आहे.

(तासाभराने.)

ताई, त्यांच्या पाकिटातल्या वस्तू तुमच्या हातात दिल्या, त्यात हे डोनर कार्ड होतं. महेशदादांनी अवयवदानाचा संकल्प फॉर्म भरला होता, फॉर्म 7. त्यावर दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक जवळचा नातेवाईक. सागर, ही सही तुमची आहे.

या फॉर्मवर त्यांची इच्छा कळते. पण तेवढ्यावर आम्ही पुढे जात नाही. निर्णय तुमचा. हो म्हणालात तर ताई, फॉर्म 8 वर तुमची सही लागेल. सही तुमची असली तरी घरात कुणाच्या मनात सल राहू नये असं मला वाटतं, म्हणून काकांनाही सगळं पटेपर्यंत बोलू. मूत्रपिंडं, यकृत, हृदय, डोळे, यातलं काय द्यायचं तेही तुम्हीच ठरवायचं. "फक्त डोळे" म्हणालात तरी चालेल. सही होईपर्यंत कधीही नाही म्हणता येतं. नाही म्हणालात तर कुणी नाराज होणार नाही, आणि महेशदादांचा शब्द मोडला असंही मनात आणू नका.

सागर, तुम्ही खर्चाचं विचारलंत. संमतीनंतर देह सांभाळण्याचा आणि शस्त्रक्रियेचा खर्च तुमच्यावर येत नाही. पैशांची देवाणघेवाण हा गुन्हा आहे. अवयव कुणाला मिळतात ते आमचं रुग्णालय मनाने ठरवत नाही. विभागीय समितीच्या प्रतीक्षायादीने ठरतं. घेणाऱ्याचं नाव तुम्हाला कळत नाही, तुमचं त्याला कळत नाही.

काका, देहाची विटंबना होत नाही. ऑपरेशन थिएटरमध्ये शस्त्रक्रिया होते, टाके घालून, स्वच्छ करून देह तुमच्या ताब्यात देतात. अपघाताची केस असल्यामुळे पंचनामा आणि शवविच्छेदन दोन्ही बाबतींत होणारच आहे. संमती दिलीत तर देह मिळायला काही तास जास्त लागतील, हे आधीच सांगते, म्हणजे गावी लोकांना तशी वेळ कळवता येईल. अंत्यविधी, दहावा-तेरावा नेहमीसारखेच.

फॉर्म मराठीत आहे. इथे ठेवते, वाचा. गावाकडून मामा निघालेत म्हणालात ना? ते येईपर्यंत थांबू. पोलीस हवालदारांना मीच सांगते, तुम्हाला पुन्हा पुन्हा जबाबाला बोलावू नका म्हणून. आणि ताई, सकाळपासून तुम्ही पाणीही प्यायला नाहीत. सागर, खाली कॅन्टीन उघडलंय, तिघांसाठी चहा-बिस्किटं घेऊन या. माझा नंबर या कागदामागे लिहिलाय.