तांब्याचं माप

बेकरीच्या परीक्षेत दयानंदला प्रॅक्टिकलमध्ये चांगले मार्क होते, नापास झाला तो थिअरीत. बेळगावातल्या शहापूरच्या बेकरीत कळायला वेळ लागला नाही. मारुतीमामा खारीचे ट्रे भट्टीतून ओढता ओढता म्हणाले, "हाताला येतंय की सगळं. पेपरचं काय घेऊन बसलास?"

पण त्याला सर्टिफिकेट हवं होतं. येळ्ळूरच्या घरात भाताचं एकच पीक, आणि मोठ्या बेकऱ्यांत कागदाशिवाय कोणी दारात उभं करत नाही, हे त्यानं पाहिलं होतं. पहिल्या वेळी त्यानं कमी अभ्यास केला होता असंही नाही. गाईडमधले प्रश्न-उत्तरं रात्री मोठ्यानं म्हणून पाठ केली होती. मिठाची कामं, यीस्टचं तापमान, ग्लुटेन म्हणजे काय, सगळं. शाळा मराठी माध्यमाची, पेपर इंग्रजीत घेतलेला. स्क्रीनवर प्रश्न जरा फिरवून आला, की पाठ केलेलं जागच्या जागी थिजायचं. आठ किलो मैद्याला साठ टक्के पाणी आणि दोन टक्के मीठ म्हणजे किती, हा प्रश्न तर त्यानं तसाच सोडला. रोज पहाटे तो आठ किलोचंच पीठ मळत होता.

हीच गोष्ट त्याला सलत राहिली. मळतो तेच विचारलं होतं, मग आलं का नाही?

दुसऱ्या दिवशी त्यानं वजनकाटा पीठ मळायच्या टेबलाजवळ आणला. मामा पाणी मोजायचे पितळी तांब्यानं, मीठ मुठीनं. दयानंदनं भरलेला तांब्या काट्यावर ठेवला, मग रिकामा. पाणी भरलं साडेनऊशे ग्रॅम.

"हे काय करायलास?" मामांचा आवाज चढला. "तीस वर्षं मळतोय. माझ्या मापावर भरवसा नाही काय?"

"तसं नाही मामा. तुमचं माप पेपरात कुठं बसतंय ते बघायलोय."

पाच तांबे, म्हणजे पावणेपाच किलो पाणी. आठ किलोचे साठ टक्के चार किलो आठशे. दोन मुठी मीठ भरलं एकशे अठ्ठावन्न ग्रॅम, हिशेबानं हवं एकशे साठ. त्यानं आकडे वहीत लिहिले आणि मामांना दाखवले. मामा बराच वेळ काट्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दोन ग्रॅम कमी कशानं आलं रे? परत भर."

त्या दिवसापासून गाईड मागं पडलं आणि वही पुढं आली. मैदा शंभर धरायचा, बाकी सगळं त्याच्यावर. साखर, डालडा, यीस्ट, रोज जे पडेल ते वजन करून टक्क्यात. मामांच्या परवानगीनं त्यानं अर्ध्या किलोचा एक गोळा मुद्दाम बिनमिठाचा मळला. तो भराभर फुगला, हाताला चिकट लागला, सैल पडला आणि भाजल्यावरही पांढुरकाच राहिला. मीठ यीस्टला आवर घालतं आणि ग्लुटेनला बळ देतं, हे वाक्य त्यानं आधी शंभरदा म्हटलं असेल. आता ते त्याच्या बोटांना माहीत झालं होतं.

जुलैच्या झडीत पीठ उठेना. मामा पाण्यात बोट बुडवून म्हणाले, "जरा ऊन घे." किती ऊन? हातानं मळताना घर्षणाची उष्णता थोडीच, ती त्यानं सोडून दिली. पीठ सत्तावीस अंशांवर हवं; मैदा, खोली आणि पाणी अशा तिघांची सरासरी धरली, तर सत्तावीस त्रिक एक्क्याऐंशी. त्यातून मैद्याचे बावीस आणि खोलीचे तेवीस गेले, पाण्याला उरले छत्तीस. थर्मामीटर घातला, तर मामांचं पाणी सदतीस.

रोजचा शेवटचा अर्धा तास बसूचा. बसवराज पॅकिंगला होता, कन्नड शाळेत शिकलेला, आणि प्रश्न विचारायला कधी लाजत नसे. "यीस्ट भट्टीत मरतंय तर मग पाव फुगतोय कसा?" दयानंद अडखळला की पान परत उघडायचं. भट्टीत गेल्यावर सुरुवातीला यीस्ट आणखी जोरानं काम करतं, आतला वायू तापून फुगतो, पीठ साठ अंशांजवळ पोहोचलं की यीस्ट मरतं, मग पोत घट्ट बसतो. बसूला पटेपर्यंत तो सांगत राही, मराठीत, मोडक्या कन्नडमध्ये, शेवटी पेपरातल्या इंग्रजी शब्दांत.

पुढच्या परीक्षेला टक्केवारीचं गणित पुन्हा आलं. आकडे वेगळे होते. त्यानं आधी मैदा शंभर लिहिला.

पास झाला. मामांनी स्वतःच्या पैशानं कुंदा मागवला आणि पहिला घास दयानंदला भरवला. सर्टिफिकेट गल्ल्याशेजारी लावायचं मालकांनी ठरवलं, पण मामांना दुसरंच हवं होतं.

"मळायच्या टेबलामागं भिंतीवर लिही ते आकडे. नवीन पोरगं येणार आहे सोमवारी."

दयानंदनं खडू घेतला. मैदा आठ किलो, पाणी चार किलो आठशे, मीठ एकशे साठ.

"आणि पावसाळ्याचं पाणी वेगळं लिही," मामा मागून म्हणाले. "बसू, तू खाली कन्नडमध्ये लिही."