स्टेटमेंट आणि मेसेज मराठीत मिळण्याबाबत

हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी
१२ जून २०२५

प्रति,
शाखा व्यवस्थापक, देरा शाखा, दुबई

महोदय,

मी तुमच्याकडे १४ वर्षं खातेदार आहे. खात्याचे शेवटचे आकडे ४४१७. गोदीतली नोकरी संपवून मी गावी परतलो, पण हिशेबाचे पैसे अजून तुमच्याकडेच आहेत.

तुमचे मेसेज अरबी आणि इंग्रजीत येतात. मला दोन्ही वाचता येत नाहीत. मार्चपासून दर महिन्याला २५ दिरहम कापले जात होते. शिल्लक ठरावीक रकमेखाली गेल्याचा तो आकार होता, हे मला मे महिन्यात भाचीने स्टेटमेंट वाचल्यावर कळलं. तोवर शेजारच्या मुलाला फोन दाखवायचो. माझी शिल्लक त्याला कळायची, कधी ओटीपीसुद्धा. मुलगा सज्जन आहे, तरी हे बरोबर नाही. ओटीपी कोणाला दाखवू नका असं तुम्हीच सांगता ना?

म्हणून विनंती, स्टेटमेंट आणि मेसेज मराठीत पाठवावेत. मराठी जमत नसेल तर हिंदी चालेल, लिपी तीच आहे. निदान पैसे जमा झाले की कापले, किती आणि कशासाठी, एवढं तरी मला वाचता यावं. कायद्याला लागणारी मूळ प्रत अरबी-इंग्रजीत राहू द्या, माझी हरकत नाही.

भाचीने केलेलं इंग्रजी भाषांतर सोबत जोडलं आहे. उत्तर मात्र मला वाचता येईल असं पाठवावं.

आपला विश्वासू,
सुरेश पावसे